चिमणीच्या सावलीतला आकडा

लातूरला तेव्हा पहाटे पाचला शहर जागं व्हायचं, आणि ते देवपूजेसाठी नव्हे. गल्लीगल्लीत क्लासेस निघाले होते, निलंग्यापासून उमरीपर्यंतची पोरं खोल्या करून राहत होती. मी त्यांना पाच ते सात रसायनशास्त्र शिकवायची आणि आठला औद्योगिक वसाहतीतल्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत हजर व्हायची. पोरं मला 'मॅडम मॅडम' करत. त्यामुळे डोक्यात जरा हवाच गेली होती. ज्वलनाचं समीकरण मी झोपेतसुद्धा फळ्यावर लिहिलं असतं. कोळसा जळताना मात्र मी कधी नीट पाहिला नव्हता.

कारखान्यात बॉयलर सांभाळणारे एक चाचा होते. शहरातल्या जुन्या मुसलमान घरातले, पांढऱ्या दाढीचे, परवानाधारक. वीस वर्षं त्याच भट्टीपुढे उभे. त्यांचं शास्त्र डोळ्यात होतं: भट्टीचं झाकण किलकिलं करून ज्वाळेचा रंग बघायचा, मग बाहेर येऊन चिमणीकडे बघायचं. "धूर फिक्का राखाडी असावा, ताई. काळा झाला तर आग उपाशी. अन् काहीच दिसंना झालं तर आपण फुकट आभाळ तापवून राहिलो," असं ते म्हणत. मला हे आजीच्या काढ्यासारखं वाटायचं: गुण येतो, पण कागदावर कसा मांडणार?

त्या वर्षी पावसाळ्यानंतर कोळसा जास्त जाऊ लागला. मालक तापट माणूस. त्यांनी मला बोलावलं आणि धूर तपासायची काचेची पेटी कपाटातून बाहेर काढली. पेटीचं काम सोपं. धूर रबरी नळीने आत ओढायचा, मग तो एकेका बाटलीतल्या द्रावणातून फिरवायचा. पहिली बाटली कार्बन डायऑक्साइड शोषते, दुसरी ऑक्सिजन, तिसरी कार्बन मोनॉक्साइड. प्रत्येक वेळी धूर जितका आटला, तितकं त्या वायूचं प्रमाण. ऑक्सिजन फार उरला असेल तर भट्टीत गरजेपेक्षा जास्त हवा जाते आणि ती फुकटची हवा उष्णता घेऊन चिमणीतून पसार होते. हवा फार कमी पडली तर कोळसा अर्धवट जळतो, आणि मोनॉक्साइड व काजळी होऊन वाया जातो. मधला नेमका रस्ता सापडला की झालं.

नमुना घ्यायची जागा होती धूर जिथून बाहेर पडतो त्या बॉयलरच्या तोंडाशी, वर लोखंडी मचाणावर. तिथे चढायला उभी शिडी, वर पाय भाजावा असा पत्रा आणि माझा ताजा इस्त्रीचा ड्रेस. चिमणीच्या बुडाशीही एक भोक होतं. तिथे छान सावली होती, शिवाय पेटी ठेवायला स्टूल. मी विचार केला, धूर तोच, वर घेतला काय नि खाली घेतला काय! आणि नमुना सावलीत घेतला.

ऑक्सिजन बारा टक्के आला. म्हणजे लागते त्याच्या दुपटीहून जास्त हवा. एवढा ऑक्सिजन असताना मोनॉक्साइड कुठून येणार, म्हणून तिसऱ्या बाटलीला मी हातच लावला नाही. नोंदवहीत 'नमुन्याची जागा: बॉयलरचं तोंड' असं छापलेलं होतं. मी ते खोडलं नाही. खाली ऐटीत सही ठोकली.

मालकांनी आकडा वाचला आणि चाचांना फर्मावलं, "हवा कमी करा."

चाचा म्हणाले, "मालक, चिमणीकडचा पंखा धूर पुरा ओढून राहिला, तरी आगीला हवा पुरत न्हाई. आणखी दाबली तर गुदमरंल."

"मॅडमनं शास्त्रानं मोजलंय. तुमच्या डोळ्याला चष्मा लागलाय."

चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी सहीकडे पाहत राहिले. मग त्यांनी धुराच्या वाटेवरची झडप अर्धी बंद केली.

दोन दिवसांत चिमणीतून काळे लोट निघायला लागले. वाफेचा दाब उतरला, तेल काढायचं काम थांबलं, आणि शेजारच्या पोरींच्या वसतिगृहाची बाई काजळीने माखलेल्या चादरी घेऊन फाटकात येऊन उभी राहिली. मालकांनी ठरवून टाकलं की म्हातारा मुद्दाम आग बिघडवतोय. शनिवारी सकाळी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "एक तारखेपासून येऊ नका." चाचांनी भिंतीवर टांगलेला परवान्याचा कागद उतरवून बाहीनं पुसला.

दुपारी मी पेटी घेऊन शिडी चढले. ड्रेस काळा झाला, तळवे भाजले. वरच्या भोकातून नमुना घेतला. ऑक्सिजन जेमतेम अडीच, आणि तिसऱ्या बाटलीत मोनॉक्साइड चक्क एक टक्का! खाली येऊन चिमणीच्या बुडाशी मोजलं, तर तिथे अजूनही साडेअकरा. वरून निघालेल्या धुरात खाली येईपर्यंत एवढा ऑक्सिजन आपोआप कुठून येणार? वाटेत कुठेतरी बाहेरची हवा आत शिरत होती. पंखा तीच फुकट ओढत होता, आणि भट्टी उपाशी होती. चाचांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. माझी मात्र सहीच खोटी होती.

मी तशीच काळ्या ड्रेसमध्ये मालकांच्या खोलीत गेले. "नमुना मी वर घेतलाच नव्हता," मी म्हणाले. "सावलीत घेतला, आणि लिहिलं मात्र वरचं." पुढची पाच मिनिटं त्यांनी मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. सगळं वाजवी होतं, एवढंच सांगते. मग त्यांनीच देवापुढची जळती उदबत्ती उचलली, चाचांना हाक मारली आणि आम्ही तिघं बॉयलरपासून चिमणीपर्यंत धूर नेणाऱ्या विटांच्या बोगद्यालगत चालू लागलो. चाचांनी उदबत्ती भिंतीजवळून सरकवत नेली. राखेच्या ढिगामागे तिचा धूर एकदम वळला आणि भिंतीत शिरला.

राख उपसली. भूकंपाच्या वर्षी पडलेली भेग होती ती. वरून नुसता गिलावा फासला होता, तो पावसाळ्यात सुटला होता. हात जाईल एवढी फट. त्या वर्षी किल्लारीकडे माणसं गेली, घरं गेली. शहरातल्या भिंतीची भेग कोण मोजत बसणार? गवंड्याने आगविटा बसवून ती बुजवली, चाचांनी झडप आपल्या अंदाजाने उघडली, आणि सोमवारी मी वर चढून मोजलं. ऑक्सिजन साडेसहा, मोनॉक्साइड शून्य. चिमणीवर फिका राखाडी धूर. मालक चाचांना एवढंच म्हणाले, "तो कागद परत टांगा."

संध्याकाळी मी चाचांपुढे जाऊन उभी राहिले. डोळे भरून आले होते. "चाचा, चुकलं माझं. मी वर चढलेच नव्हते."

"हाव, ठाऊक हाय," ते फावडं टेकवत म्हणाले. "मी इथंच उभा होतो ना. शिडीवर पाऊल बी न्हाई टाकलं तुम्ही."

"मग मालकांना सांगितलं का नाही?"

"माझी नोकरी सरत आली, बेटी. तुमची आत्ता सुरू झाली. पहिल्याच सहीला खोटं पाडलं असतं, तर पुढं तुमचा आकडा कोणी वाचला असता का?"

त्यांनी भट्टीचं झाकण उघडलं, बाजूला सरकून मला जागा दिली, आणि मी पहिल्यांदाच नीट वाकून आग बघितली.