खालची ओळ

रविवार, सकाळचे साडेनऊ, बारामती. हजर : जर्मन शिकवणारी मी आणि कळस गावची एक सून. वर्गातले बाकी तिघे लग्नाला. सुनेचा नवरा जर्मनीत. जर्मनची पहिल्या पातळीची परीक्षा पास झाल्याशिवाय हिला त्याच्याकडे जायचा व्हिसा नाही. परीक्षा केंद्राचं आलेलं पत्र तिने मला वाचायला दिलं होतं.

सराव परीक्षेत वाचनाच्या पंचवीस मिनिटांतली पंधरा तिने पहिल्याच पत्रावर घालवली. "मॅडम, एकबी शब्द सोडून पुढं जाववत न्हाय हो!"

मी तिला थेट एसटी स्टँडवर नेलं. वेळापत्रकासमोर उभं करून म्हटलं, "सगळा फलक वाचायचा नाही. आधी प्रश्न धर : अकराच्या आत कळसला कोणती गाडी?"

ती बघत राहिली. मला धीर धरवेना. बोट ठेवून मीच सांगितलं, "दहा चाळीस! पाच सेकंद लागले."

"ती न्हाय, मॅडम."

"का गं?"

"खाली बघा की. ही फेरी रविवारी बंद. आन् आज रविवार हाय."

बाकावरचे एक आबा हसले. "पोरी, बाईंना नापास कर!"

परत येऊन तिने दुसरा सराव पेपर घेतला. आधी प्रश्न, मग त्याला लागणारा वार किंवा वेळ, शेवटी खालची ओळ. एकोणीस मिनिटांत वाचन संपलं. मग पेन ठेवून तिने विचारलं, "मॅडम, त्या परीक्षा केंद्राच्या पत्राची खालची ओळ तुमी वाचली का?"

माझ्या कामांच्या यादीत तिच्या नावाखाली 'पत्र वाचले' यापुढे बरोबरची खूण होती. ती मी खोडली. पत्र पुन्हा वाचायचं आहे.