चौदाव्या पानाचा फोटो

कर्मचारी विभागात तीस वर्षे काढलेल्या त्या बाईंना सारा कारखाना माघारी ‘नियमबाई’ म्हणत असे. मी रुजू होऊन दोनच महिने झाले होते, तेव्हा एका ईमेलमुळे माझी त्यांच्याशी गाठ पडली.

वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्यांच्यामागे उभा राहणारा मी एकटाच. नियमपुस्तिका परक्या भाषेतली. तिची एकमेव प्रत आमच्या पॅकिंग विभागात खिळ्याला टांगलेली. रजेच्या पानाचा मी फोटो काढला आणि मोबाइलकडून भाषांतर करून घेतले : ‘परिवीक्षा काळात (प्रोबेशनमध्ये) रजा मिळणार नाही. परवानगीविना गैरहजर राहिल्यास नेमणूक रद्द होईल.’

शेजारी पॅकिंग करणारा जोडीदार हसला. “रजा? अरे, अजून तुझ्या ओळखपत्राची शाई वाळली नाही!”

नोकरी राखावी तर वडील एकटे, वडिलांजवळ जावे तर नोकरी हातची जायची. शेवटी कर्मचारी विभागाला लिहिले : ‘मला पाच दिवस वडिलांजवळ राहायचे आहे. फोटो आणि भाषांतर सोबत जोडले आहे. मला समजले ते बरोबर आहे का, कृपया कळवावे.’

जेवणाच्या सुट्टीत निरोप आला, पुस्तिका घेऊन वर या. खिळ्यावरची पुस्तिका काढून मी वर गेलो. बाईंच्या टेबलावर माझ्या फोटोची छापील प्रत होती.

“हा अंगठा कोणाचा?”

“माझाच, मॅडम. पान मिटत होतं, म्हणून दाबून धरलं.”

“आणि नेमकं पोट दाबलंत त्याचं! उघडा चौदावं पान.”

अंगठ्याखाली झाकलेल्या दोन ओळी त्यांनी बोट ठेवून मराठीत वाचल्या : कुटुंबातील कोणी रुग्णालयात असल्यास विभागप्रमुखांच्या मंजुरीने सात दिवसांपर्यंत बिनपगारी रजा मिळेल, परिवीक्षा तितक्याच दिवसांनी वाढेल.

“मोबाइलनं चोख काम केलं. पण अंगठ्याआडचं त्या बिचाऱ्याला कसं दिसणार?”

मला हसू आले आणि त्याच क्षणी डोळेही भरून आले. त्यांनी खिडकीकडे पाहत अर्ज पुढे सरकवला.

“रुग्णालयाचं पत्र जोडा, साहेबांची सही आणा. आणि पाच नको, सात लिहा. घरी आणल्यावरही माणसाला माणूस लागतं.”

साहेबांनी त्याच संध्याकाळी सही केली.

वडिलांची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारले, “नोकरीचं काय केलंस?” खिशातला मंजुरीचा कागद मी त्यांच्या हातात दिला. चष्मा नव्हता, तरी बराच वेळ तो त्यांनी हातात धरून ठेवला.

परतल्यावर पाहिले, तर पुस्तिकेशेजारी रजेचे नियम मराठीत, ठसठशीत अक्षरांत लावले होते. आभार मानायला वर गेलो. बाईंनी मान वर न करता विचारले, “वडील जिना चढतात का आता?”

“अर्धा चढतात, मॅडम.”

“घाई नका करू देऊ,” त्या म्हणाल्या आणि पुढच्याचा अर्ज हाती घेतला.