नऊ अंगठे आणि एक रूपा

काल्हेरच्या आमच्या गोदामात दुकानांतून परत आलेल्या मालाचा एक वेगळा कोपरा आहे. तिथे अकरा बायका खोकी उघडतात, चांगला माल बाजूला काढतात आणि मुदत संपलेला जमिनीवरच्या लाल पट्टीच्या आत ठेवतात. रूपा त्यांतलीच एक. अकलोलीहून सकाळच्या एसटीने येते, तीन वर्षांत एकदाही उशिरा आलेली नाही. मी ऑफिसात कागद सांभाळतो, त्यामुळे हजेरी माझ्यासमोरूनच जाते.

मागच्या तपासणीत चांगल्या मालात बाळांच्या दुधाच्या पावडरीचे मुदत संपलेले दोन डबे सापडले होते. मालवाल्या कंपनीने सरळ सांगितलं, आता पुन्हा एक जरी सापडला तर हा कोपरा बंद, काम दुसऱ्या गोदामाला. म्हणजे अकरा बायका घरी.

सोमवारी आमचे मॅनेजर प्रभाकर सर व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोलले, "शुक्रवारी दहाला तपासणी. परतीची तीनशे साठ खोकी सगळ्यांनी मिळून बघून घ्या." खाली धडाधड नऊ अंगठे पडले. त्यातला एक माझा. खोटं कशाला बोलू? माझ्या अंगठ्याचा अर्थ होता, वाचलं. सरांनी त्याचा अर्थ घेतला, करतोय. असे आम्ही नऊ जण एकमेकांच्या भरवशावर निवांत झालो.

मंगळवारी दुपारी रूपाने कोपऱ्यात जाऊन पाहिलं, तर खोकी होती तिथेच. ती माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, ह्यो माल कोन बघतंय?"

"सगळेच," मी म्हणालो.

"म्हंजे कोनी न्हाय," ती म्हणाली. मला राग आला, कारण ते खरं होतं.

तिने तिथेच उभं राहून ग्रुपवर बोलून पाठवलं. मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला आहे. "रूपा बोलतेय. परतीचा माल मी घेते. गुरुवारी संध्याकाळी पाचला यादी प्रभाकर सरांच्या हातात देते. कोनी आधी सुरू केलं असंल तर आत्ता सांगा, दोनदा नको. मेघालीताई, उद्या सकाळी नऊपासून स्कॅनर मला पायजे. हिरामणदादा, वरच्या फळीवरची खोकी उद्या साडेनऊला खाली काढा. लाल पट्टीतल्या मालावर सही सरांची, ती मी करनार न्हाय. हो का नाय, ते शब्दात सांगा. अंगठा नको."

मग स्कॅनर सांभाळणारी मेघाली बोलली, "रूपा, चाळीस खोकी मी काल केलीत. यादी देते." बघा! चाळीस खोकी झालेली आणि आम्हा कुणाला पत्ता नाही. फोर्कलिफ्टवाल्या हिरामणने लिहिलं, "साडेनऊ, हो." सरांनी लिहिलं, "सही माझी. ठीक."

मग रूपाने एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, मार्करने लिहिलं, "हे काम रूपाचं. विचारायचं ते रूपाला," आणि कोपऱ्यात दोरी बांधून तिला टांगला. काही जण हसले. बाई साहेब झाली म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी तिचा निरोप आला, "मेघालीताईंची धरून एकशे साठ झाली, दोनशे राहिली. एकटीच्यानं व्हनार न्हाय. पार्वती आनि ऑफिसातले भाऊ, उद्या आठ ते बारा तुम्ही दोघं मला द्या." पार्वती त्या अकरांतलीच, आणि भाऊ म्हणजे मी. कुणीतरी या, असं नाही. नाव घेऊन. नाव घेतल्यावर पळायला जागाच राहत नाही. मी गेलो. चार तास डब्यांच्या बुडाखालच्या तारखा वाचून डोळे फुटायची वेळ आली. एकेक डबा ती स्वतः पुन्हा बघत होती. मला वाटलं, माझ्यावर विश्वास नाही. मग माझ्याच रांगेत तिने एक शिळा डबा धरला आणि लाल पट्टीत ठेवला. मी मान खाली घातली.

गुरुवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना यादी सरांच्या टेबलावर होती.

शुक्रवारी कंपनीच्या तपासनीस बाईंनी चांगल्या मालातली मनाला येतील ती तीस खोकी फोडायला लावली. सगळा माल चोख. लाल पट्टीतले एकशे चार डबे, यादीत एकशे चार, खाली सही. बाईंनी टांगलेला पुठ्ठा वाचला.

"हे कुणी केलं?"

"आमच्या टीमने—" सर बोलता बोलता थांबले. "रूपाने. आम्ही हाताखाली होतो."

"रूपा कोण?"

मार्करने काळा झालेला हात वर गेला. बाईंनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "हा कोपरा इथेच राहील." पार्वतीने अशी शिट्टी मारली की बाहेर ट्रकवाले वळून बघायला लागले. माझा ऊर भरून आला, उगाच लपवत नाही.

सोमवारी सरांचा निरोप आला, "नवीन फळ्यांवर नंबर लावायचे आहेत. सगळ्यांनी मिळून" इतकंच. लगेच तो पुसला गेला. दुसरा आला, "कोण घेणार? नाव सांगा."

या वेळी एकही अंगठा पडला नाही. मी लिहिलं, "मी घेतो."

खाली रूपाचं आलं, "भाऊ, कधी देनार ते पन लिवा."