साठ आणि तेरा

ऑफिसात तिला सगळे ‘नोनाँत’ म्हणायचे. हे नाव तिला शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टने पहिल्याच आठवड्यात चिकटवलं. तो एका बिलावरचा आकडा वाचताना अडखळला होता, आणि ती सहज म्हणून गेली, “नोनाँत म्हणजे नव्वद. बेल्जियमकडचे लोक तसंच म्हणतात.” टायपिस्ट हसला, तीही हसली. तेव्हा त्या नावात गोडवा होता.

भाषांतराचं ते ऑफिस लहानसंच होतं. एका इमारतीचा दुसरा मजला, तीन टेबलं, एक कपाट, आणि जिन्यात कायम खालच्या झेरॉक्सवाल्याच्या शाईचा वास. आयात करणारे व्यापारी फ्रेंच बिलं आणि दरपत्रकं घेऊन यायचे आणि इंग्रजी भाषांतर घेऊन बँकेत नाहीतर कस्टमकडे जायचे. मालकीण म्हणजे मॅडम. मॅडम पॅरिसला शिकून आल्या होत्या आणि ही गोष्ट त्यांच्या चपलांच्या आवाजातूनसुद्धा कळायची.

नोनाँतचं फ्रेंच कुठल्या शाळेतलं नव्हतं. तिची आई एका बेल्जियन इंजिनियरच्या घरी स्वयंपाक आणि इस्त्री करायची. लेकीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ती रोज आईच्या पदराला धरून त्या घरी जायची. इंजिनियरच्या मुलांबरोबर गोट्या मोजता मोजता, दोरीवरच्या उड्या मोजता मोजता तिच्या जिभेवर ती भाषा आपोआप बसली. पुढे तिने नोकरी करत पदवी घेतली, परीक्षा दिल्या. पण आकडे मात्र त्या अंगणातलेच राहिले. सत्तर म्हणजे सेप्ताँत, नव्वद म्हणजे नोनाँत.

पॅरिसवाल्यांचं तसं नसतं. ते सत्तरला ‘साठ-दहा’ म्हणतात, स्वासाँत-दीस. त्र्याहत्तरला ‘साठ-तेरा’, स्वासाँत-त्रेझ. नव्वदला ‘चार-वीस-दहा’, कात्र-व्हँ-दीस. शहाण्णव म्हणजे ‘चार-वीस-सोळा’, कात्र-व्हँ-सेझ. ऐंशीला बेल्जियममध्येही ‘चार-वीस’च चालतं, त्यामुळे तेवढ्यापुरती तिची आणि मॅडमची भाषा एकच होती.

कागद वाचताना घाई नसते, डोळे मागेपुढे करता येतात. खरी गोम ऐकण्यात आहे. समोरचा ‘स्वासाँत’ म्हणाला की ऐकणाऱ्याचं बोट सहावर गेलेलंच असतं, आणि मग मागून ‘त्रेझ’ येतं. खरं तर आता सात लिहायचा असतो, पण सहा उमटून बसलेला असतो. ‘कात्र-व्हँ’ ऐकलं की आठ लिहून होतो आणि मागून ‘सेझ’ येऊन त्याचा नऊ करायला लावतो.

आणि या ऑफिसात ऐकूनच काम चालायचं. मॅडम मूळ बिल मोठ्याने वाचायच्या आणि नोनाँत थेट इंग्रजीत टाइप करायची. बिलं बहुतेक अंधुक स्कॅन केलेली, आकड्यांवर शिक्का नाहीतर सही आलेली. त्यामुळे मॅडम अक्षरांत लिहिलेली रक्कमच वाचायच्या. मग भाषांतर मुळाशी ताडून पाहायचं, दोघींच्या सह्या करायच्या, शिक्का मारायचा.

नोनाँतने स्वतःपुरती एक युक्ती काढली होती. स्वासाँत कानावर पडलं की हात थांबवायचा. शेपूट येऊ द्यायचं. स्वासाँत-त्रेझ ऐकलं की ओठातल्या ओठात पुटपुटायचं, “सेप्ताँत-त्रवा,” सत्तर-तीन, आणि मगच सात, मग तीन. कात्र-व्हँ-सेझ ऐकलं की “नोनाँत-सीस,” नव्वद-सहा, आणि मगच नऊ, मग सहा. तेवढ्या एका पुटपुटीने कधी चूक झाली नव्हती. टायपिस्ट म्हणायचा, “ही बाई जप करून बिलं टाइप करते.”

एका सकाळी पंपाच्या सुट्या भागांचा एक व्यापारी समोर बसला होता. नवं गिऱ्हाईक, मोठं काम. मॅडम वाचत होत्या, आणि नोनाँत नेहमीसारखी पुटपुटली. व्यापाऱ्याने विचारलं, “या काय म्हणतायत? तुम्ही वेगळंच वाचलंत ना?”

मॅडमचा चेहरा उतरला. व्यापारी गेल्यावर त्यांनी दारही न लावता सुनावलं, “हे सेप्ताँत-बिप्ताँत इथे चालायचं नाही.”

“मॅडम, तो चुकीचा शब्द नाहीये. बेल्जियमच्या बिलांवर तसंच छापलेलं असतं. आपल्याकडे येतातच की ती.”

“आली की तेव्हा वाचू. पण तू ते कुणाच्या स्वयंपाकघरात शिकलीस हे माझ्या गिऱ्हाइकांना कळायची गरज नाही. मोलकरणींचं फ्रेंच घरी ठेवून ये.”

टायपिस्ट मान खाली घालून कळफलकावर बोटं नाचवत राहिला. आईच्या हातावरचे इस्त्रीचे डाग नोनाँतच्या डोळ्यासमोर उभे राहिले. पण नवऱ्याचा पगार कधी यायचा कधी नाही, मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर आलेली. ती म्हणाली, “बरं मॅडम.”

त्या दिवसापासून तिने पुटपुटणं सोडलं. ओठ घट्ट मिटून टाइप करायची. मनातल्या मनात म्हणता येईल असं तिला वाटलं होतं, पण मनातला शब्द हाताला थांबवत नव्हता. दोन-तीनदा साताऐवजी सहा पडल्याची चूक तिची तिलाच सापडली. ती मॅडमना म्हणालीसुद्धा, “जरा सावकाश वाचाल का?” मॅडम म्हणाल्या, “मी नीटच वाचते. तू नीट ऐक.”

मग तोच पंपवाला पुन्हा आला. चारशे झडपांचं प्रोफॉर्मा, म्हणजे माल निघण्याआधीचं, बिल होतं. त्यात नुसता नगाचा दर, एकूण रक्कम नाही, आणि दराचा आकडा नेमका शिक्क्याखाली सापडलेला; अक्षरं तेवढी वाचता येत होती. त्याला दुपारच्या आत आपल्या गिऱ्हाइकाला भाव कळवायचा होता. खुर्चीच्या कडेवर बसून तो सारखा घड्याळ पाहत होता. मॅडमनी भराभर वाचलं, “...स्वासाँत-त्रेझ युरो ला पिएस,” म्हणजे एका नगाला.

स्वासाँत ऐकताच बोट सहावर पडलं. त्रेझ ऐकून तीन पडला. त्रेसष्ट. पुढची ओळ आली आणि तीही टाइप झाली.

“मॅडम, ताडून पाहू या का?” तिने विचारलं.

“यांची घाई बघतेस ना? माझ्या डोळ्यासमोरून गेलंय सगळं.” मॅडमनी सही ठोकली, शिक्का मारला. नोनाँतनेही सही केली.

व्यापाऱ्याने त्रेसष्टच्या हिशोबाने भाव देऊन करार केला. माल आला तेव्हा बिल त्र्याहत्तरचं. नगामागे दहा युरो, चारशे नग, चार हजार युरोंचा खड्डा. तो मूळ कागद घेऊन जिना दणाणत वर आला आणि टेबलावर आपटत म्हणाला, “हे वाचा. तुम्हीच वाचा. साठ आणि तेरा किती होतात?”

मॅडमनी कागद हातात घेतला. वाचला. मग नोनाँतकडे पाहिलं. त्या नजरेत क्षणभर भीती होती, ती नोनाँतने ओळखली, आणि तेवढ्याच क्षणापुरतं तिला वाटलं की मॅडम खरं बोलतील.

“आकडे यांच्याकडे असतात,” मॅडम म्हणाल्या. “मी बरोबर वाचलं होतं. यांचं शिक्षण जरा... घरगुती आहे. माझंच चुकलं, मी ठेवून घेतलं.”

“ताडून पाहायला मी म्हटलं होतं,” नोनाँत म्हणाली. “यांनीही ऐकलंय.” तिने टायपिस्टकडे बोट दाखवलं.

टायपिस्टने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “माझं लक्ष नव्हतं हो,” तो म्हणाला.

महिनाअखेरपर्यंत थांबायची गरज नाही असं तिला त्याच संध्याकाळी सांगण्यात आलं. पगारातून काही कापलं नाही, हे मॅडमनी उपकार केल्यासारखं दोनदा सांगितलं.

घरी आई बिछान्यावर बसून मटार सोलत होती. तिचे गुडघे गेले होते, पण कान तीक्ष्ण होते. लेक नवऱ्याला काय झालं ते सांगत होती, त्यातलं ‘मोलकरणींचं फ्रेंच’ नेमकं तिच्या कानावर पडलं. तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग विचारलं, “आमच्या साहेबांची भाषा खोटी होती का गं?”

नाही आई, असं म्हणायला काय लागत होतं? तो शब्द खराच होता. आईचा हातात धरलेला पदर, ते अंगण, ती दोरी, सगळं खरं होतं. पण दिवसभर गिळलेलं सगळं त्या क्षणी वर आलं आणि समोर सापडली ती म्हातारी.

“हो, खोटीच होती,” ती म्हणाली. “त्यापेक्षा मला घरी कोंडून गेली असतीस तर बरं झालं असतं.”

आईने मटाराची शेंग हातातच ठेवली. तोवर ती कधीकधी कौतुकाने नातीला फ्रेंच आकडे म्हणून दाखवायची, अडखळत, सत्तरपर्यंत. त्यानंतर तिने ते कधीच म्हटले नाहीत. लेकीने माफी मागायचं मनात आणलं, उद्यावर टाकलं, आणि तो उद्या काही आला नाही. हिवाळ्यात आई गेली.

आता नोनाँत घरूनच काम करते. औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर, यंत्रांच्या सूचना, पानामागे मोजके पैसे. बिलं तिच्याकडे कुणी देत नाही. भाषांतरवाल्यांचं जग लहान, त्रेसष्टची गोष्ट तिच्या आधी दारोदार पोचलेली असते. पुटपुटण्याची गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नाही.

मध्यंतरी एका दुपारी टायपिस्टचा फोन आला. इतक्या दिवसांनी, जणू कालच बोलणं झालं होतं अशा आवाजात.

“अगं, एक विचारायचं होतं. स्वित्झर्लंडचं बिल आलंय. उइताँत म्हणजे काय गं? मॅडम बाहेर गेल्यात.”

आठशे म्हणून सांगावं असं तिच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. त्या बिलावर तिची सही असणार नव्हती.

“ऐंशी,” ती म्हणाली. “तिकडे काही भागांत तसं म्हणतात. सत्तर आणि नव्वदही वेगळेच असतील, बघून घे.”

“वाचवलंस! मॅडमना सांगू नकोस हं, मी विचारलं ते.”

“माझं कुठे बोलणं होतं त्यांच्याशी?”

तो जरा ओशाळल्यासारखा हसला. कशी आहेस, आई कशी आहे, यातलं काही त्याने विचारलं नाही. तिने फोन ठेवला. खरं सांगितल्याचं समाधान वाटेल अशी तिची समजूत होती. तिला आला तो नुसता राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचाच. जे खरं आईला सांगितलं नाही, ते याला सांगून टाकलं होतं. आतल्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, “कोण होतं?”

“कुणी नाही,” ती म्हणाली, आणि खोकल्याच्या औषधाचा कागद पुढे ओढला.