काळी पट्टी

मराठी नाटकाला मुलीला घेऊन गेलं की ती दर वाक्याला कुजबुजायची, "आई, काय म्हणाला?" हेमांगी टिपणीसने सांगावं तर तोवर पुढचा विनोद निघून गेलेला, आणि पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळून बघत असलेल्या. एके वर्षी टोरोंटोच्या मराठी मंडळाच्या नाटकाला तिने हौसेने इंग्रजी टायटल्स करून पडद्यावर टाकली. तेव्हापासून ते काम तिच्या गळ्यात पडलं. दिवसा मिसिसागातल्या एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचे, अपॉइंटमेंट लावायच्या, आणि संध्याकाळी जेवण उरकलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुसऱ्याची वाक्यं कापत बसायचं. नवरा म्हणायचा, "तुझं काय, दिवसा दात उपटतात तिथे बसतेस, रात्री शब्द उपटतेस."

पण यंदाचं काम मंडळाचं नव्हतं. शहरातल्या मोठ्या नाट्यमहोत्सवाने पुण्याहून एक नाटक बोलावलं होतं. दोन प्रयोग, शनिवारी आणि रविवारी दुपारी. थिएटर खरं, प्रेक्षक निम्म्याहून जास्त इंग्रजीच कळणारे. हे जमलं तर पुढच्या वर्षी दुसरं काम मिळणार होतं, आणि दवाखान्यातून सुट्टी मागताना हेमांगीला 'छंद आहे' असं म्हणावं लागणार नव्हतं.

नाटक एका दीपगृहाच्या निवृत्त रखवालदाराचं. आयुष्यभर दिवा सांभाळलेला म्हातारा आणि त्याची मुलगी. दुसऱ्या अंकात तो कबूल करतो की एका रात्री त्याला झोप लागली होती आणि दिवा विझला होता. म्हाताऱ्याच्या कामाला भालचंद्र रेगे. सगळे त्यांना भालूकाका म्हणत. मुलीच्या कामाला केतकी.

हेमांगीने पुण्याच्या मंडळींनी पाठवलेल्या वर्षभरापूर्वीच्या चित्रीकरणावरून टायटल्सच्या पट्ट्या बांधल्या. नियम साधा, पण निर्दय. एका वेळी दोन ओळी, एका ओळीत मोकळ्या जागा धरून अडतीस अक्षरं. नट बोलायला तोंड उघडेल तेव्हाच पट्टी यायची, आणि प्रेक्षकाला ती वाचून पुन्हा नटाच्या चेहऱ्याकडे बघायला सवड मिळाली पाहिजे. हशाचा शब्द वेगळ्या पट्टीत ठेवायचा, नाहीतर नट बोलायच्या आधीच लोक हसतात. नट गप्प असेल तेव्हा पडदाही काळा.

थिएटरची स्टेज मॅनेजर डॅना हिला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणूनच हेमांगी पट्ट्या तिच्यावर तपासून बघायची.

"हेमा, ही वाचून होईपर्यंत म्हातारा खुर्चीतून उठून निघून गेला."

"किती कापू?"

"निम्मं."

"निम्मं कापलं तर मीठच जाईल गं."

"मग मीठ ठेव. बटाटा काप."

भालूकाका म्हणायचे, "समुद्राला झोप येते का कधी? झोप आपल्याला येते पोरी, आणि तेवढ्यात तो आपलं काम उरकून घेतो." हेमांगीने पडद्यावर एवढंच ठेवलं होतं: समुद्र झोपत नाही. आपण झोपतो.

तालमीला भालूकाकांना पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकलं आणि तिने दोनदा संहिता तपासली. चित्रीकरणात या माणसाचा एक काना इकडचा तिकडे नव्हता. इथे वाक्यं गळत होती. नावं तर हटकून. बोटीचं नाव, गावाचं नाव, एकदा तर नाटकातल्या मुलीचं. त्या जागी ते दुसरंच काही तरी इतक्या झोकात टाकत की दिग्दर्शक निषाद मांडीवर थाप मारून हसे. "काकांनी पदरची ॲडिशन घेतली! ताई, तेवढी पट्टी बदला."

ती बदलायची. पण दुसऱ्या दिवशी त्याच जागी तिसरंच वाक्य यायचं. निषाद नाटक बघत होता, केतकी सांभाळून घेत होती. शब्दाला शब्द लावून ऐकणारी तिथे एकटी हेमांगी होती. चौथ्या तालमीनंतर ती चहाचा कप घेऊन त्यांच्या खोलीत गेली.

"काका, एक विचारू?"

"वय सोडून काहीही."

"या ॲडिशन नाहीत ना?"

भालूकाकांनी कप घेतला नाही. आरशातूनच तिच्याकडे बघितलं. "तू दातांच्या दवाखान्यात ना? मग मुळापर्यंत जाणारच." मग आवाज खाली आला. "पन्नास वर्षं रंगभूमीवर काढली. एखादा शब्द घसरला तर कुणाच्या बापाला कळत नाही. पण इथे तू माझ्या डोक्यावर पाटी टांगून ठेवलीयस. मी काय म्हणायला हवं होतं ते वर लिहिलेलं, आणि मी खाली भलतंच बोलतोय. समोर मराठी माणसंही असणार. त्यांना दोन्ही कळतं."

"निषादला सांगू या. केतकीजवळ एक संहिता..."

"खबरदार." मग लगेच मवाळ होत म्हणाले, "पोरी, एक कर. मी घसरलो की तुझी पट्टी काळी कर. लोकांना वाटेल मशीन बिघडलं. वाटू दे. मी बिघडलो असं वाटण्यापेक्षा ते बरं."

मशीन म्हणजे कोण, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने मान डोलावली खरी, पण घरी जाताना बसमध्ये तिला तिचा स्टॉप आलेला कळला नाही.

शनिवारी थिएटर भरलं. हेमांगी मागच्या काचेच्या खोलीत बसली. समोर कडेला पट्ट्यांचे आकडे लिहिलेली संहिता, लॅपटॉप, कानावर हेडफोन, त्यात डॅनाचा आवाज. पहिला अंक तिने श्वास मोजत काढला. भालूकाका वाक्याआधी किंचित खांदे उचलत. ते उचलले की तिचं बोट पडायचं. बोटीच्या प्रसंगाला लोक नेमके ज्या शब्दाला हसायला हवेत त्याच शब्दाला हसले. डॅना म्हणाली, "सुरेख." हेमांगीच्या तळहाताला घाम सुटला होता. तो तिने ड्रेसला पुसला.

दुसरा अंक. दोन्ही अंकांत केतकीचं एक वाक्य सारखंच होतं. "बाबा, चहा टाकू?" पहिल्या अंकात म्हातारा चहा मागतो आणि बोटीची गंमत सांगतो. दुसऱ्यात नको म्हणतो आणि कबुली देतो.

केतकी म्हणाली, "बाबा, चहा टाकू?"

भालूकाकांचे खांदे उचलले गेले. हेमांगीचं बोट पडलं. वर अक्षरं उमटली: नको. बस इथे. काही सांगायचंय.

खाली भालूकाका खुशीत म्हणाले, "टाक की! आणि आलं घाल चांगलं. बोट यायला वेळ आहे अजून."

मराठी मंडळींच्या रांगांतून एक बारीक खसखस गेली. एक मान वर पडद्याकडे वळली, मग दुसरी. हेमांगीने कीबोर्डवरचं 'B' दाबलं. पडदा काळा झाला.

"टायटल्स गेली," डॅना कानात म्हणाली. "हेमा? टायटल्स गेली!"

"मी घालवली. थांब."

"घालवली म्हणजे?"

खाली भालूकाका पहिल्या अंकातलं बोटीचं भाषण रंगवून म्हणत होते, हातवाऱ्यांसकट, एक शब्द न चुकता. इंग्रजी प्रेक्षक आधी पडद्याकडे बघत राहिले. मग काहीजण वळून काचेच्या खोलीकडे बघू लागले. पहिल्या अंकातल्या पट्ट्या पुन्हा लावाव्यात का? मग सगळ्यांनाच कळेल. काळं ठेवावं तर नाटक कशासाठी आहे ते कुणालाच कळणार नाही. तिचं बोट आकड्यांवरच राहिलं.

आणि भालूकाका मध्येच थांबले.

ती थांबण्याची जागा नव्हती. ते आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होते. केतकी चहाचा कप घेऊन पुढे आली. तिचा आवाज कापत होता, पण तोही नाटकातल्या मुलीचाच वाटला.

"बाबा, बोट येऊन गेली. तुम्ही त्या रात्रीचं सांगत होतात."

भालूकाकांनी तिच्याकडे बघितलं. अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं.

"कोणत्या रात्रीचं?"

हे कुठल्याच पानावर नव्हतं. प्रेक्षागृहात कुणी खोकलंही नाही.

"दिवा विझला ती," केतकी म्हणाली.

"हां." मग खूप वेळाने, "त्या रात्री मी झोपलो, पोरी."

ते वाक्य कबुलीच्या मधोमध होतं. हेमांगीने पानं उलटली, बोटाने ओळ पकडली, आकडा टाकला, एंटर. पडद्यावर शब्द आले. भालूकाका तिथून शेवटपर्यंत रुळावर राहिले. दिवे गेले आणि लोक उभे राहिले.

निषाद धावतच काचेच्या खोलीशी आला. "ताई, ऐन कबुलीला? महोत्सवाच्या बाई विचारत होत्या, तुमचा टायटल्सचा माणूस नवखा आहे का म्हणून!"

"माझं चुकलं," हेमांगी म्हणाली.

डॅनाला शब्द कळले नाहीत, पण चेहरे कळले. ती हेमांगीकडे टक लावून बघत राहिली.

रंगपटात भालूकाका तोंडावरचा रंग पुसत होते. केतकी कोपऱ्यात पाठमोरी उभी होती.

"ये ये! बघितलंस? उगाच घाबरलो आपण. एकदाही काळी करावी लागली नाही!"

ते आता हसतील म्हणून हेमांगी वाट बघत राहिली. ते चेष्टा करत नव्हते. चेहरा पास झालेल्या मुलासारखा फुलला होता.

"काका, दुसऱ्या अंकात ते बोटीचं..."

"बोटीचं पहिल्या अंकात असतं गं! टायटल्स करतेस की झोपा काढतेस?"

केतकीने तोंडावर हात दाबून धरला. शब्द घसरतो तेव्हा या माणसाला निदान ते कळतं, असं हेमांगी धरून चालली होती. त्या भरवशावरच तिने मान डोलावली होती. उद्या दुपारी पुन्हा तो चहा येणार, आणि ती काय झाकणार? कुणापासून?

बाहेर जिन्यावर निषाद फोनवर कुणाची तरी समजूत घालत होता. "मशीनचा प्रॉब्लेम होता, उद्या नाही होणार."

"मशीनचा नव्हता," हेमांगी म्हणाली. "फोन ठेव."

तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तालमीतली गळलेली नावं, चित्रीकरणाशी लावून बघितलेली वाक्यं, काळ्या पट्टीचा करार, आणि आत्ता आरशासमोर झालेलं. निषाद ऐकता ऐकता जिन्याच्या पायरीवर खाली बसला.

"पोस्टरवर पहिलं नाव त्यांचं आहे, ताई. उद्याची तिकिटं गेलीत. काय करायचं मी?"

"ते तू ठरव. मी उद्या काळी करणार नाही. आणि प्रयोग करायचा असला तर त्यांच्या घरच्यांना विचारून कर. आहे ना कुणी?"

"मुलगी आहे. अश्विनी. पण पुण्यात आत्ता पहाट पण नाही झाली."

"लाव."

त्याचा अंगठा दोनदा चुकीच्या नावावर गेला. शेवटी हेमांगीनेच फोन हातात घेतला. दुसऱ्याच रिंगला कुणीतरी उचलला. झोपेतला नव्हताच आवाज.

"हॅलो, मी टोरोंटोहून बोलतेय. तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या बाबांच्या नाटकाचं..."

"बाबा परत विसरले का?" पलीकडून अश्विनी म्हणाली.