कुपनाचं वरण होत नाही

फ्रीजर बिघडला याचा मला तेवढा राग नव्हता. यंत्र म्हटलं की बिघडणारच. राग आला तो फोनवरच्या त्या गोड आवाजाच्या मुलीचा. "मॅडम, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल कंपनी सद्भावना म्हणून पंधराशेचं कूपन देत आहे. पुढच्या खरेदीवर वापरा." मी म्हटलं, "बाई, पुढची खरेदी म्हणजे काय, अजून एक फ्रीजर घेऊ?" ती म्हणाली, धन्यवाद.

सक्करदऱ्यातल्या आमच्या घरातून मी डबे चालवते. हिंगण्याच्या कारखान्यांत काम करणारी, खोल्या करून राहणारी चाळीस माणसं माझ्या हातचं खातात. हिवाळ्यात मटार स्वस्त झाला की गल्लीतल्या बायका ओट्यावर बसून सोलून देतात, मी तो उकडून फ्रीजरात भरते. वाटणही एकदम करून ठेवते. यंदा नवा फ्रीजर घेतला. पहिल्या महिन्यातच थंड होईना. कंपनीचा मेकॅनिक आला, गॅस भरला आणि कागदावर लिहून गेला, "कूलिंग ठीक, माल भरायला हरकत नाही." मी त्याच्या शब्दावर भरला. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर आतून वास. मटारावर फेस आलेला, वाटण आंबलेलं, रविवारचं चिकन तर बघवेना. दोन दिवस चूल बंद ठेवावी लागली.

त्यांनी कॉम्प्रेसर फुकट बदलून दिला. पण किराणावाल्यानं स्पष्ट सांगितलं होतं, मागची उधारी साफ केल्याशिवाय पुढच्या महिन्याचं तेल-डाळ मिळणार नाही. आणि डबा लावलेली माणसं दोन दिवस वाट पाहतात, तिसऱ्या दिवशी दुसरी खानावळ शोधतात, आणि गेली की परत येत नाहीत. एक तारखेच्या आत रोख पैसे हवे होते. कुपनाचं काय वरण करू?

रागात मी कागद घेतला आणि हिशोब लिहिला. मटार, सोलण्याची मजुरी, वाटण, माल वाचवायला आणलेला बर्फ, चिकन, मदतीच्या बाईचा पगार, दोन दिवसांच्या डब्यांचे पैसे, आणि शेवटी मनस्ताप, पाच हजार. एकूण एकवीस हजार आठशे. मोठ्या रुबाबात तो कागद माझ्या धाकट्या दिरासमोर ठेवला. तो कारखान्यात हिशेबनीस आहे.

त्यानं चहा संपेपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "वहिनी, एकच कोंबडी तुम्ही दोनदा विकून राहिल्या."

"काहून?"

"रविवारच्या डब्यांचे पूर्ण पैसे तुम्ही नुकसानीत धरले. त्याच डब्यांत ते चिकन जाणार होतं. मग चिकन वेगळं कसं मागता? बाईचा पगारही त्याच डब्यांतून निघणार होता. आणि त्या दोन दिवसांचा तांदूळ, डाळ, गॅस वाचला, तो कुठं वजा केला?"

मी भडकले. म्हटलं, "भाऊजी, तुम्ही कोणाकडून आहात, माझ्याकडून की कंपनीकडून?"

"तुमच्याकडूनच. पण कंपनीच्या माणसाले एक खोटी ओळ सापडली ना, तर तो बाकीच्या खऱ्या ओळीही त्याच चुलीत टाकतो."

त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही. मनस्तापावर काट मारायला तर जीवच होईना. भाऊजी म्हणाला, खरा आहे, पण त्याची पावती कुठून आणाल? मारली काट. चिकनवर मारली, पगारावर मारली. शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवले होते म्हणून वाचलेले मटार वजा केले. गॅस भरायच्या आधी जो थोडा माल गेला होता, तो मी लिहिलाच नव्हता. तो माझा, कारण वॉरंटीत माल येत नाही. पण "माल भरा" असं त्यांच्या माणसानं लिहून दिल्यावर जे गेलं, ते त्यांचं. ही रेघ मी ओढली आणि तिथून मग मागे हटले नाही.

मटार आणि मजुरी, अठ्ठेचाळीसशे. वाटण, अठ्ठावीसशे. चाळीस डबे, दोन दिवस, सत्तर रुपयांनी छप्पनशे, त्यातून वाचलेले एकवीसशे काढले, उरले पस्तीसशे. बर्फ, पाचशे. वाचलेल्या मटाराचे आठशे वजा. एकूण दहा हजार आठशे. निम्म्यावर आले होते. पण आता तो कागद हातात जड लागत होता.

वर्धा रोडवरच्या कंपनीच्या ऑफिसात साहेब बसले होते, टायवाले, बोलायला चांगले. वाचून म्हणाले, "मॅडम, तुमचा फ्रीजर धंद्यासाठी आहे. ग्राहक आयोगात तुम्हाला ग्राहक धरणार नाहीत."

"पोटासाठी, स्वतःच्या हातानं चालवलेल्या धंद्याला कायदा ग्राहकच म्हणतो," मी म्हटलं. भाऊजीनं हे पाठ करून घेतलं होतं, पण रागात मला ते आपसूक आलं.

साहेबांनी खुर्ची हलवली. "असं करा, सहा हजार घ्या आणि विषय संपवा."

"संपवू. पण कोणती ओळ कापली ते दाखवा."

"म्हणजे?"

"दहा हजार आठशेच्या पाच ओळी आहेत. सहा हजार झाले म्हणजे काहीतरी खोटं धरलं तुम्ही. कोणतं? मटार? बाजाराची पावती लावली आहे. मजुरी? चला सक्करदऱ्यात, बायका ओट्यावरच बसल्या असतील."

त्यांनी डब्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुम्ही ग्राहकांना परत दिलंच पाहिजे असं कुठं आहे? कोणी मागितलं?"

तिथे मात्र माझा आवाज चढला. मी पिशवीतून कॅलेंडर काढलं. आमच्याकडे ज्या दिवशी डबा जात नाही त्या दिवसावर फुली मारतात आणि महिन्याच्या बिलातून तो खाडा कापतात. कोणी मागो न मागो. दोन चौकटींत चाळीस-चाळीस फुल्या होत्या, शेजारी माणसांच्या सह्या. "साहेब," मी म्हटलं, "खाडा मागावा लागला तर तो डबा कशाचा? माझ्या दारात कोणी कधी मागितलेला नाही. मी तुमच्या दारात मागून राहिले, हेच मला लाजेचं वाटतं."

त्यांनी कॅलेंडरावरच्या सह्या मोजल्या. मग मेकॅनिकचा कागद पुन्हा वाचला. शेवटी म्हणाले, "बर्फाची पावती नाही."

"नाही. हातगाडीवाला पावती देत नाही."

"मग पाचशे कापतो. बाकी पूर्ण." ती ओळ त्यांनी स्वतःच्या पेनानं कापली. कोणती ओळ कापली ते त्यांनी दाखवलं, एवढं मला पुरलं.

पत्रात मात्र त्यांनी "सद्भावना रक्कम" लिहिलं होतं. मुंबईच्या ऑफिसात दुसरा शब्द चालत नाही म्हणाले. मी म्हटलं, तुमच्याकडे चालेल ते लिहा, पण माझ्या सहीच्या वर मी "नुकसानभरपाई मिळाली" लिहीन. लिहिलं आणि सही केली.

पैसे एकतीस तारखेला खात्यात आले. मी तशीच किराणावाल्याकडे गेले, त्याची उधारी मिटवली आणि तूरडाळ तोलून घेतली. एक तारखेच्या बिलात दोन दिवसांचे खाडे कापले, तेव्हा एकानं म्हटलं, "ताई, फ्रीजर बिघडला ते तुमच्या हातचं थोडीच होतं, राहू द्या." मी त्याला चांगलंच झापलं. म्हटलं, नाही खाल्लं त्याचे पैसे घ्यायला मी काय कंपनी आहे?

संध्याकाळी डबे परत आले. ओट्यावर एकेक मांडत मी मोजले. चाळीस गेले होते, चाळीस आले, आणि सगळे रिकामे.