न ओरडणारं यंत्र

गुरुवार, १६ मार्च १९८९. सकाळी साडेआठला दवाखान्यात. मुलचेरा केंद्राच्या चिठ्ठ्या आल्या, एकूण २१२. गुणवंतराव येऊन गेले, औषधाच्या साठ्याचा आकडा विचारला. जेवणापर्यंत १३० झाल्या. यंत्र आज एकदाही ओरडलं नाही. आता हात बसला असं वाटतं.

इंदुताईंची डायरी दोन बैठकींत लिहिली जाई. अर्धी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, अर्धी संध्याकाळी घरी. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावलेली ही सवय लग्नात मोडली नाही, यजमान वारले त्या दिवशीही मोडली नाही. त्या दिवसाच्या पानावर फक्त वेळ आणि ऊन किती होतं एवढंच आहे.

यजमान वनखात्यात कारकून होते. ते गेल्यावर इंदुताई गोंडपिपरीच्या रस्त्यावरच्या कुष्ठरोग दवाखान्यात टायपिस्ट म्हणून लागल्या, आणि वयाची साठी उलटल्यावरही तिथेच राहिल्या. त्यांच्या टंकलेखनात चूक सापडत नसे. सिस्टर मुलींच्या हातांवर रुमाल टाकून टायपिंग शिकवायच्या. बोटांनी बघायचं, डोळ्यांनी फक्त समोरचा कागद वाचायचा. चाळीस वर्षांत इंदुताईंनी कळफलकाकडे मान वाकवून पाहिलं नव्हतं.

मग जानेवारीत परदेशातल्या कुणा देणगीदारानं तो छोटा संगणक पाठवला. ब्रीफकेससारखा उघडायचा, मांडीवर मावेल एवढा. पडदा निळसर करडा, मान तिरपी केल्याशिवाय अक्षर दिसायचं नाही. नागपूरहून आलेल्या माणसानं तीन दिवस शिकवलं आणि तो गेला. मोठे डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, "ताई, जमलं तर ठीक. नाही जमलं तर चंद्रपूरला शिकलेला एक ऑपरेटर आहे, तो यायला तयार आहे." आवाज गोडच होता. इंदुताईंनी मात्र त्याचा अर्थ बरोबर ओळखला. पेन्शन नव्हती. घरात बसून भिंतीकडे बघायची त्यांना भीती वाटत होती.

काम असं होतं. लालसू हा केंद्रावरचा कार्यकर्ता, माडिया मुलगा, सायकलवर गावोगाव फिरायचा. पुढच्या महिन्याच्या गोळ्या कोणाला द्यायच्या त्याच्या चिठ्ठ्या तो आणायचा. चिठ्ठीवर नाव नसायचं, फक्त नोंदणी नंबर. रोगाचं नाव निघालं की गावात पाणी बंद होतं, म्हणून नाव कागदावर उतरवायचं नाही असा दवाखान्याचा कायदाच होता. नंबर यंत्रात टाकला की नाव, वय, कोणत्या गोळ्या, हे ते आपल्या पोटातून शोधून काढायचं आणि यादी छापून द्यायचं. यादीवरून गुणवंतराव भांडारात पुड्या बांधत. जीप शुक्रवारी पहाटे निघे.

सुरुवातीला यंत्र सारखं ओरडायचं. जुन्या टाइपरायटरवर एकचा आकडा नव्हता. सगळे टायपिस्ट एकच्या जागी लहान एल मारत. हात तसाच घडलेला. इंदुताई ११८ लिहायच्या तर बोट आपोआप एलवर पडायचं, आणि यंत्र पीं करून सांगायचं, आकडा पाहिजे, अक्षर नको. मग वरच्या ओळीतला एक शोधायचा. दिवसाकाठी पन्नास वेळा तरी ते पीं व्हायचं. शेजारच्या खोलीतून मीराबाई नर्स हसायच्या, "ताई, तुमचा पोपट आज फारच बोलून राह्यला."

आज पोपट गप्प होता.

चारच्या सुमारास शेवटची चिठ्ठी संपली. छापलेली यादी गुणवंतरावांकडे गेलेली होती. आता फक्त केंद्राचं नाव टाकून दिवसाचं काम बंद करायचं होतं. इंदुताईंनी मुलचेरा टाइप केलं. इंग्रजीत आठ अक्षरं. मग मान तिरपी करून पडदा पाहिला.

पहिली तीन अक्षरं नव्हतीच. त्यांच्या जागी शून्य, चार, तीन. पुढे सीएचईआरए बरोबर.

पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा शून्य, चार, तीन. यंत्र ओरडलंही नाही. आकडे त्याला चालत होते.

 खिडकीला गज होते, पंखा बंद पडलेला, आणि मोठ्या दारातून बाहेर पडायचं तर डॉक्टरांच्या टेबलासमोरूनच जावं लागे. फोनही त्याच टेबलावर; नागपूरच्या माणसाला ट्रंक कॉल लावला तर बोलणं आधी डॉक्टरांच्याच कानी पडणार. सबंध दवाखान्याला कळेल, ताईला यंत्र येत नाही.

मग इंदुताईंनी कधी न केलेली गोष्ट केली. मान खाली घालून कळांकडे पाहिलं.

एमच्या कोपऱ्यात बारीक निळ्या रंगात शून्य छापलेलं होतं. जे, के, एलखाली एक, दोन, तीन. यू, आय, ओखाली चार, पाच, सहा. वर सात, आठ, नऊ आपापल्या जागी. अक्षरांच्या आडोशाला आकड्यांची अख्खी चौकट लपलेली होती. आणि कडेला एक हिरवा दिवा लागलेला, त्याच्यापाशी इंग्रजीत नम लॉक.

एलवर तीन.

 इंदुताईंनी कोरी ओळ उघडली, एल मारला. तीन पडला. वरच्या ओळीतला एक मारला. एकच पडला. म्हणजे आज त्यांचं बोट जितक्या वेळा चुकून एलवर पडलं, तितक्या वेळा यंत्रानं ओरडायच्या ऐवजी गपचूप तीन लिहून घेतला होता. ११८ चा ३३८ झाला होता. नोंदणी ४७० पर्यंत गेली होती, त्यामुळे ३३८ नंबरचा माणूसही होताच. यंत्रानं त्याचं नाव छापलं, त्याच्या गोळ्या छापल्या.

आणि कोणता तीन खरा, कोणता एलचा? चिठ्ठ्यांशिवाय नुसती यादी बघून सांगता येत नव्हतं. कारण निम्म्या वेळा त्यांनी बरोबर वरचाच एक मारला होता.

त्या यादीची नक्कल घेऊन भांडारात गेल्या. गुणवंतराव गुडघ्यावर पंचा टाकून पुड्या बांधत बसले होते. साठेक पुड्या टोपलीत पडलेल्या.

"गुणवंतराव, थांबा जरा."

"काऊन बाई? आता जोर आला होता."

"सकाळी तुम्ही माझ्या यंत्राला हात लावला होता का?"

गुणवंतराव हसले. "लावला न. तुमचा दिवा लागलाच नव्हता बाई. नागपूरले ट्रेनिंगमंधी मोठा कळफलक होता, उजवीकडं आकड्यांचा वेगळा ठोकळा. तिथी दिवा लागला नाई तर आकडे पडतच नाई, उंदरावानी पडद्यावरची रेघ इकडंतिकडं पळते. मले वाटलं, तुमचंही तसंच हाय. म्हणून मी दिवा लावून देला. बराबर केलं ना?"

"इथे तो ठोकळाच नाही," इंदुताई म्हणाल्या. "इथे तो अक्षरांत लपलाय. दिवा लावला की काही अक्षरं आकडे होतात."

गुणवंतरावांनी हातातली पुडी खाली ठेवली. "मंग... हे सगळं?"

"काही बरोबर, काही चूक. कोणतं ते ठाऊक नाही."

दारात लालसू आला होता. त्याने टोपलीतली एक पुडी उचलली, नंबर वाचला, खाली ठेवली. "बाई, ३३८ मुलचेऱ्याचा नाई. तो जिवतीकडचा म्हातारा हाय. ११८ कुठी हाय? बायनाबाईची पोर. तिच्या गोळ्या लहान मुलाच्या. मागच्या महिन्यात ती ओढ्यातून चालत आली होती, गोळ्या घ्यायले."

 गुणवंतराव हळूच म्हणाले, "बाई, सायबाले सांगू नका. दिवा मी लावला. तुमची बदनामी काऊन? आपण तिघं बसून रात्रभर..."

इंदुताईंना ते क्षणभर पटलं. गुणवंतरावांचं नाव सांगितलं तर चूक त्यांची. गुपचूप केलं तर चूक कुणाचीच नाही. पण गुपचूप करायला पुन्हा त्यांनाच टाइप करावं लागणार, आणि आपल्या बोटाचा भरवसा आज त्यांच्यापाशी राहिलेला नव्हता. तपासायला दुसरी माणसं हवीत. ती डॉक्टरांनीच द्यायची.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "दिवा कुणी लावला?"

"दिवा यंत्राला होता. बोट माझं होतं," इंदुताई म्हणाल्या. "पडद्यावर नाव दिसत होतं. मी पाहिलं नाही. मी कधीच बघत नाही."

"चाळीस वर्षं?"

"चाळीस वर्षं."

डॉक्टरांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला. मग मीराबाईंना बोलावलं.

तिघं यंत्रापाशी बसली. लालसू चिठ्ठीवरचा नंबर मोठ्यानं वाचायचा. इंदुताई आधी हिरवा दिवा विझलाय ना ते बघायच्या, मग बोट वर नेऊन एक मारायच्या, मग मान तिरपी करून नाव वाचायच्या. मीराबाई रजिस्टरात बोट ठेवून म्हणायच्या, "हो." पंधरा वेळा तरी बोट एलवर पडलं आणि यंत्र ओरडलं. प्रत्येक वेळी मीराबाई म्हणाल्या, "बोलला पोपट." कुणी हसलं नाही. इंदुताईंना मात्र त्या आवाजानं हायसं वाटत होतं.

रात्री साडेआठला यादी झाली. २१२ पैकी सदतीस नंबर चुकलेले होते. गुणवंतरावांनी टोपलीतल्या पुड्या सोडून नव्यानं बांधायला घेतल्या. बायनाबाईच्या पोरीची पुडी लालसूनं स्वतःच्या खिशात घातली, "ही मी हातातच देईन."

निघताना डॉक्टर दारात भेटले. "ताई, सोमवारपासून तो चंद्रपूरचा मुलगा येईल. तुम्ही शेजारी बसा. चिठ्ठ्या तुम्ही वाचा, पडदाही तुम्हीच बघा. टाइप तो करेल."

"बरं," इंदुताई म्हणाल्या.

खुर्ची गेली नव्हती. फक्त बाजूला सरकली होती, आणि तिथून उठायचं ठरवलं तरी कुठे जायचं हे त्यांना माहीत नव्हतं. बसथांब्यावर उभ्या असताना त्यांच्या उजव्या हाताचं बोट पदराच्या काठावर उगीच एल मारत होतं. त्यांनी ते दुसऱ्या हातानं धरून ठेवलं.

घरी येऊन दिवा लावला, डायरी उघडली. दुपारच्या शेवटच्या ओळीवर काट मारली नाही. खाली लिहिलं: ३७ चुका, दुरुस्त केल्या, जीप पहाटे जाणार. सोमवारपासून माझं काम वाचायचं. आणि मग, त्याच शाईनं: तांदळात पोरकिडे झाले होते, कडुलिंबाचा पाला घालून डबा पुन्हा बंद केला.